सेमिनारच्या आधी पाच मिनिटं, हातात अॅबस्ट्रॅक्टची झेरॉक्स: चांगले प्रश्न कसे काढता?

रेवती_खानापूर (गुरुवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका नर्सिंग कॉलेजला ट्यूटर आहे, खानापूरहून रोज येऊन जाऊन करते. आमच्याकडे दर शनिवारी पोरं एकेक रिसर्च पेपर मांडतात. कुठला पेपर ते आधी कळत नाही, हॉलच्या दारात अॅबस्ट्रॅक्टची झेरॉक्स हातात ठेवतात आणि पाच मिनिटांत सुरू. संपलं की प्रमुख माझ्याकडं बघून म्हणतात, "मॅडम, प्रश्न?"

गेल्या शनिवारी मी त्या पाच मिनिटांत सगळा कागद पेनानं अधोरेखित करून ठेवला होता, एकही ओळ सोडली नाही, आणि डोक्यात प्रश्न मात्र शून्य. शेवटी विचारलं की याचा पुढं उपयोग काय. पोरानं पाठ केलेलं उत्तर दिलं, टाळ्या झाल्या, संपलं. पोरगा दोन आठवडे त्या पेपरवर बसला होता आणि त्याच्या कामाला कुणी हातच लावला नाही, हे मला लई लागलं.

यावेळचा पेपर कुठला ते मांडणाऱ्या मुलीकडून चुकून कळलंय, म्हणून सरावाला घेते. २००६ साली लॅन्सेटमध्ये आलेला आहे आणि अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला. अॅबस्ट्रॅक्टमधलं मुख्य तेवढं माझ्या भाषेत लिहिते. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बाया. २५ एएनएम नर्सनी बाळंतपणं केली. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, ८१२ जणींना बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायची मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडावाटे, ८०८ जणींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. दोन तासांत ५०० मिली किंवा जास्त रक्त गेलं तर तो रक्तस्राव धरला. तो १२.० टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. १००० मिलीच्या वरचा १.२ वरून ०.२ टक्के. सरासरी रक्त २६२.३ मिलीवरून २१४.३ मिली. १८ बायांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. गोळी घेतलेल्यांत थंडी वाजणं आणि ताप जास्त, पण थोडा वेळ. निष्कर्ष असा की औषध स्वस्त, द्यायला सोपं, टिकाऊ आणि सुरक्षित, म्हणून साधनं कमी असलेल्या ठिकाणी चांगला पर्याय.

आता तुमच्या हातात हा कागद आणि घड्याळात पाच मिनिटं. तुम्ही काय कराल?

---

टिळकवाडी_बॉय (रात्री ९:५५)

ताई टेन्शन घेऊ नका. पहिली दोन मिनिटंच भीती वाटते. जवळ पाणी ठेवा, स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका आणि मागच्या रांगेतल्या एका माणसाकडं बघून बोला. माझ्या एम.बी.ए.च्या प्रोजेक्टला हेच केलं, मस्त झालं.

---

रेवती_खानापूर (रात्री १०:०२)

अरे दादा, मी मांडणारी नाही, मी ऐकणारी आहे. प्रश्न मला विचारायचाय. पण मागच्या रांगेचं त्या पोरीला सांगते की.

---

निपाणीचा_वारा (रात्री १०:१५)

सोपं आहे मॅडम. कुठलाही पेपर येऊ दे, दोन प्रश्न खिशात ठेवायचे. सॅम्पल साइज लहान नाही का? आणि या अभ्यासाच्या मर्यादा काय? मी इंजिनिअरिंगला चार वर्षं ह्या दोनांवर काढली, एकदाही अडलो नाही. इथं पण सॅम्पल साइज विचारा, देशाच्या मानानं १६२० म्हणजे काहीच नाही.

---

जुने_मास्तर (रात्री ११:१०)

मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त होऊन अनगोळला असतो. असे सेमिनार तीस वर्षं ऐकलेत म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

निपाणीकरांचे दोन प्रश्न वाईट नाहीत, पण ते कुठल्याही कागदाला चिकटतात आणि तिथंच गोची आहे. मांडणाऱ्या पोरानं त्यांची उत्तरं आदल्या रात्रीच पाठ केलेली असतात. मी स्वतः एक चाळणी लावतो. प्रश्न लिहिल्यावर बघायचं की त्यात ह्याच कागदावरचा एखादा आकडा किंवा एखादी वस्तू आली का. नसेल आली तर खोडायचा.

आता पाच मिनिटं. रेवतीताई, तुम्ही वरून खाली वाचत आलात म्हणून सगळंच अधोरेखित झालं. मी उलटा वाचतो. आधी शेवटचं वाक्य, म्हणजे निष्कर्ष. इथं औषधाला चार विशेषणं लावलीत: स्वस्त, सोपं, टिकाऊ, सुरक्षित. ती चार कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायची, मग वर निकालात जाऊन एकेकाचा पुरावा शोधायचा. सुरक्षिततेचा थोडा सापडतो, कारण थंडी आणि ताप मोजलेत. सोपं म्हणायलाही थोडा आधार आहे, कारण २५ एएनएमनी ती खेड्यात दिली. पण स्वस्त आणि टिकाऊ ह्यांचा एकही आकडा निकालात नाही. ते खोटं आहे असं नव्हे, बाहेरून माहीत असलेलं असेल. पण पहिला प्रश्न मिळाला. "निष्कर्षात चार गुण सांगितलेत, त्यातले ह्या अभ्यासानं स्वतः कुठले तपासले आणि कुठले आधीपासून धरून चाललेत?" ह्याला दीड मिनिट लागतं, जास्त नाही.

पुढचं दीड मिनिट टक्क्यांची माणसं करायची. शाळेतलं गणित आहे. ८०८ चे १२ टक्के म्हणजे ९७ बाया. ८१२ चे ६.४ टक्के म्हणजे ५२. म्हणजे मुख्य निकाल ९७ विरुद्ध ५२ वर उभा आहे, पाया भक्कम. आता तसंच १००० मिलीच्या वरचं करा. १.२ टक्के म्हणजे १० बाया, ०.२ टक्के म्हणजे २. दहा विरुद्ध दोन! टक्क्यांत वाचताना दोन्ही वाक्यं सारख्याच तोऱ्यात येतात, माणसं मोजली की कळतं दुसऱ्याचे पाय बारीक आहेत. गोळीच्या गटातलं प्रमाण दुसऱ्या गटाच्या किती पट, त्याची मूळ अॅबस्ट्रॅक्टमध्ये कंसात रेंजही दिलीय, ताईंनी ती लिहिली नाही. पहिल्यासाठी ०.३९ ते ०.७४, दुसऱ्यासाठी ०.०४ ते ०.९१. म्हणजे मोठा रक्तस्राव खरोखर किती कमी झाला असेल, तर ९६ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत काहीही. निपाणीकरांचा सॅम्पल साइज इथं लागू पडतो, पण १६२० ला नाही, ह्या १० आणि २ ला.

उरलेल्या वेळात एक जोडी शोधायची, म्हणजे एकाच कागदावरचे दोन आकडे जे एकमेकांशेजारी ठेवले की विचित्र वाटतात. इथं ती आहे. ताई, आज रात्री तुम्हीच शोधा, मी उद्या सांगतो.

---

निपाणीचा_वारा (रात्री ११:२५)

मास्तर पटलं. १० आणि २ हे मी काढलंच नसतं. पण एक सांगा, गटात ८०० असून रेंज एवढी मोठी कशी? माणसं वाढली की रेंज लहान होते असंच आम्हाला शिकवलंय.

---

जुने_मास्तर (रात्री ११:४१)

अर्धं बरोबर आहे तुमचं. इथं रेंज किती बाया घेतल्या ह्यापेक्षा किती जणींना ती गोष्ट घडली ह्यावर ठरते. आठशे जणींत दोघींनाच घडलं असेल तर तुमच्या हातात मोजायला दोनच आहेत. समजा उपकेंद्राच्या वहीतली एक नोंद चुकली आणि दोनाच्या तीन झाल्या, तर ते प्रमाण ०.२० पटीवरून एकदम ०.३० पट होतं. ९७ आणि ५२ मध्ये एक इकडची तिकडं झाली तर कळणारसुद्धा नाही.

---

गोळ्या_औषधं (शुक्रवार, सकाळी ७:२०)

चिकोडीत माझं मेडिकल आहे. मला पहिलं हेच खटकलं की दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी कशी दिली? रक्तस्रावाला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे की, ते तेव्हाही होतं. त्याच्याशी तुलना का केली नाही? मी तर हाच विचारेन आणि थोडं रागानंच विचारेन.

---

जंगलभाग_सिस्टर (सकाळी ८:०५)

औषधवाले दादा, राग बाजूला ठेवा, मी सांगते. मी एएनएम होते, खानापूर तालुक्यात जंगलाच्या बाजूच्या गावांत वीसेक वर्षं काढली. पावसाळ्यात लाईट चार चार दिवस नसायची. ऑक्सिटोसिनला फ्रिज लागतो, दोन ते आठ डिग्री. त्यात ते इंजेक्शन, म्हणजे सिरिंज, सुई आणि टोचणारा हात पाहिजे. गोळीचं तसं नाही, पिशवीत टाकून नदी ओलांडून जाता येतं. म्हणून ह्या बाया आणि ही गोळी. त्या घरांत तेव्हा दुसरं काही मिळतच नव्हतं असं असेल तर औषध नसलेल्या गोळीशी तुलना समजू शकते.

पण विचारा जरूर. फक्त असं विचारा, "अभ्यासाच्या वेळी ह्या घरांत एरवी काय दिलं जायचं? औषध नसलेल्या गोळीशी तुलना कशावरून योग्य ठरवली?" ह्यात मुलीला सांगायला जागा राहते.

माझा मुद्दा मात्र वेगळाच आहे. रक्त मोजलं कसं? तुम्ही सगळे ५०० मिली ५०० मिली म्हणताय. आमच्या वेळी घरातल्या बाळंतपणात खाली जुनं लुगडं नाहीतर गोणपाट असायचं. किती गेलं तर दोन लुगडी भिजली, एवढंच. मी रजिस्टरला डोळ्याच्या अंदाजानं लिहायची. कंदिलाच्या उजेडात काळ्या गोणपाटावर रक्त दिसतच नाही, आणि त्यात पाणी मिसळलेलं असतं. जास्त गेलेलं असलं की आपण नेहमी कमीच लिहितो, मीसुद्धा लिहिलंय. नंतर नोकरीच्या शेवटी शेवटी ते प्लॅस्टिकचं कापड बघितलं, बाळ आणि पाणी बाहेर आलं की बाईच्या खाली सरकवायचं, पुढं नरसाळ्यासारखी पिशवी लोंबते आणि तिच्यावर मापाच्या रेघा छापलेल्या असतात. पिशवीत रक्त उतरतं आणि रेघ वाचायची, बस्स. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्याला तीनशे वाटलेलं साडेचारशेच्या रेघेला होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन जुनी रजिस्टरं आठवत बसले.

ह्या अभ्यासात तसंच रेघांचं कापड वापरलंय. पण तुमच्या अॅबस्ट्रॅक्टच्या कागदावर ते आहे का बघा. नसेल तर हाच पहिला प्रश्न.

---

रेवती_खानापूर (सकाळी ८:५०, बसमधून)

सिस्टर, अंगावर काटा आला. मी लिहून घेतलेल्यात कशानं मोजलं ते नाही. आणि मी पन्नास वेळा "५०० मिली" वाचलं, पण ते मोजणारा हात डोळ्यासमोर आलाच नाही.

---

जुने_मास्तर (सकाळी १०:३०)

सिस्टरनी जे केलं ते मी शिकवून शिकवता आलं नसतं. त्यांनी आकडा वाचला आणि तो कुठल्या खोलीत, कुठल्या उजेडात, कुणी लिहिला ते बघितलं.

त्यालाच धरून अजून एक. गोळी घेतलेल्या बायांना थंडी वाजत होती, हे अॅबस्ट्रॅक्टमध्येच आहे. मग बाई कुडकुडायला लागली की एएनएमला कळणारच की, हिला खरी गोळी मिळाली. कुणाला काय दिलं हे झाकून ठेवलेलं असतं ते तिथं थोडं उघडं पडतं. आता रक्त डोळ्याच्या अंदाजानं लिहिलं असेल तर "हिला औषध मिळालंय, हिचं कमीच गेलं असेल" असा हात नकळत वळू शकतो. रेघ वाचून लिहिलं असेल तर तो धोका बराच कमी. म्हणजे सिस्टरांचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच होतात. "थंडीमुळं कुणाला कुठली गोळी हे ओळखू आलं असेल का, आणि आलं असेल तर रक्त मोजायच्या पद्धतीमुळं निकाल वाचला का?" पाच मिनिटांत एवढा एकच निघाला तरी चालेल.

---

गोळ्या_औषधं (सकाळी ११:१५)

सिस्टर, माफ करा, फ्रिजचं माझ्या लक्षातच आलं नाही, आणि मी रोज फ्रिज उघडतो. थंडीचं मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, ह्या गोळीला थंडी आणि ताप येतोच, गिऱ्हाईकाला आम्ही आधीच सांगून ठेवतो. पण माझा प्रश्न मी मागं घेत नाही. आज त्याच गावात फ्रिज आणि लाईट दोन्ही असेल तर हा निष्कर्ष तसाच लागू होतो का?

---

हुक्केरी_एक्सप्रेस (दुपारी १:०५)

मी इथं सेमिनारला जाताना बेळगावचा कुंदा कुठला न्यावा ते शोधत आलो होतो आणि बाळंतपणाचं गणित शिकून चाललोय. चालू द्या, वाचतोय. मास्तर, ती विचित्र जोडी कुठली ते सांगा की, जेवण जाईना.

---

रेवती_खानापूर (दुपारी २:२०)

मला सापडली बहुतेक! सरासरी रक्त २६२.३ वरून २१४.३. वजाबाकी केली, ४८ मिली. म्हणजे आपल्या हॉटेलातल्या चहाच्या कपाच्या निम्मं. एवढंसं कमी झालं आणि रक्तस्राव होणाऱ्या बाया मात्र जवळजवळ निम्म्या झाल्या. हे कसं?

---

जुने_मास्तर (दुपारी ३:००)

शाब्बास. हीच ती. आणि "हे कसं" हा प्रश्न जसा तुमच्या तोंडातून आला तसाच विचारायचा, सजवायचा नाही.

उत्तर माझ्या परीनं सांगतो. बहुतेक बायांचं रक्त दीडशे दोनशेच जातं, गोळी दिली काय न दिली काय. त्या सरासरीला धरून ठेवतात, म्हणून सरासरी फार हलत नाही. खेळ आहे तो कडेच्या बायांचा. पण दुसरी शक्यताही आहे. समजा गोळीनं सगळ्यांचंच पन्नासेक मिली कमी झालं. मग ५२० ची बाई ४७० ला आली आणि "रक्तस्राव झाला" मधून "झाला नाही" मध्ये गेली. कागदावर एक केस टळली, त्या बाईच्या अंगात कितीसा फरक पडला? ह्या दोन शक्यतांतली कुठली खरी ते सरासरीवरून कळत नाही. म्हणून प्रश्न पुढं न्यायचा, "५०० च्या आसपास किती बाया होत्या, आणि ७०० च्या पुढच्या किती कमी झाल्या?" पहिलं खरं असेल तर औषधानं जीव वाचवायचं काम केलं. दुसरं असेल तर रेघ जिथं ओढली तिथला बराचसा भाग आहे. १००० च्या वरचे १० आणि २ पहिल्या बाजूनं बोलतात, पण आपण बघितलंच की त्यांचा आवाज बारीक आहे.

१८ चा आकडाही इथंच तपासून घ्या. १२ वजा ६.४ म्हणजे ५.६. शंभर बायांत ५.६ केसेस टळल्या, म्हणून १०० भागिले ५.६, जवळजवळ १८. बरोबर आहे. आकडा जुळला की मनात धीर येतो आणि विचारताना आवाज कापत नाही.

---

चंदगड_रोड (संध्याकाळी ६:४५)

मी पीएचडी करालोय, गेल्या वर्षभरात मांडणाऱ्याच्या जागी बऱ्याचदा उभा राहिलोय, म्हणून त्या बाजूनं बोलतो. मास्तर, तुमचा ४८ मिलीचा प्रश्न फार चांगला आहे, पण बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला पन्नास जणांसमोर विचारायचा नाही असं माझं मत. तिला पूर्ण पेपर मिळाला असेल की नाही तेही माहीत नाही. मला एकदा असाच प्रश्न आला, उत्तर पेपरच्या तिसऱ्या तक्त्यात होतं, मी तो तक्ता बघितलाच नव्हता. पुढची दहा मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही.

अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे पेपर नव्हे. मोजायचं कापड त्यात नसेल, पेपरात असणारच. वाचणाऱ्याला वाटतं लेखकांनी चूक केली आणि खरं तर जागा नव्हती म्हणून लिहिलेलं नसतं. म्हणून मी सुरुवात नेहमी "पेपरमध्ये हे दिलंय का" अशी करतो. दिलं असेल तर पोरीला सांगता येतं, नसेल तर तेही कळतं.

अजून एक, भाषेचं. कागद इंग्रजीत, हॉलमध्ये निम्मं कानडी निम्मं इंग्रजी, आणि आपण विचार करतो मराठीत. पाच मिनिटांत इंग्रजी प्रश्न बनवायला गेलं की व्याकरणातच तीन मिनिटं जातात. मी कागदाच्या मागं आधी मराठीतच लिहितो, अगदी घरच्या भाषेत. "रक्त मोजलं कशात?" एवढंच. मग तेवढंच इंग्रजीत करतो. वाक्य लहान राहतं आणि समोरच्याला कळतं.

---

जुने_मास्तर (संध्याकाळी ७:३०)

भाषेचं शंभर टक्के मान्य. मुलीचं अर्धंच मान्य. सोपे प्रश्न विचारत राहिलं तर ती तिसऱ्या तक्त्यापर्यंत कधी जाणार? आमच्या काळी दोन अवघड प्रश्नांनी मी जेवढा शिकलो तेवढा दोन पुस्तकांनी नाही.

---

चंदगड_रोड (संध्याकाळी ७:४२)

तुम्ही शिकलात सर. माझ्या वर्गातली एकजण त्यानंतर मांडायलाच उभी राहिली नाही.

---

जंगलभाग_सिस्टर (रात्री ८:१५)

दोघंही बरोबर बोलताय. मी म्हणेन मुलीला आधी तिला येणारं विचारा, कापडाचं. ती उत्तर देईल, तिचा जीव भांड्यात पडेल. मग थंडीचं विचारा. मुलगी नर्सिंगची आहे, थंडी ताप तिनं वॉर्डात बघितलाय, तिथं ती बोलेल. ४८ चं तिच्या गाइडकडं बघून विचारा.

आणि रेवती, २५ एएनएम आणि १६२० बाया, हे पण जरा भागून बघ. मला तिथं काहीतरी वाटतंय पण मला नीट मांडता येत नाही.

---

रेवती_खानापूर (रात्री ९:००)

भागलं सिस्टर. एकीच्या वाट्याला ६५ बाया, चाळीस महिन्यांत. म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत. तुमच्याकडं किती व्हायची?

---

जंगलभाग_सिस्टर (रात्री ९:२०)

गावोगावचं वेगळं असतं, कुठं दोन तर कुठं सहा. काही बाया माहेरी जायच्या, काहींना सुईणच लागायची, आम्हाला नंतर निरोप यायचा. म्हणून मला वाटलं की आणखी कितीजणींना विचारलं, किती नाही म्हणाल्या, आणि जोखमीच्या म्हणून किती आधीच मोठ्या दवाखान्यात पाठवल्या. ह्या १६२० त्यातून उरलेल्या. जिचं रक्त सगळ्यात जास्त जायची भीती तीच जर आधी बाजूला काढली असेल, तर १२ टक्के हा आकडा कुणाचा म्हणायचा?

---

निपाणीचा_वारा (रात्री ९:३५)

सिस्टर, मांडता येत नाही म्हणालात आणि सगळ्यात भारी हाच मांडलात. आता मला कळलं सॅम्पलबद्दल काय विचारायचं असतं ते. किती घेतले हे नव्हे, कुणाला घेतलं आणि कोण राहिलं.

---

रेवती_खानापूर (शनिवार, संध्याकाळी ५:५०)

झाला सेमिनार. बसायला जागा मिळाली म्हणून बसमधूनच लिहिते.

मुद्दाम पाच मिनिटं लावूनच केलं, तुमचं सगळं माहीत असलं तरी हॉलमध्ये कोरा कागद घेऊन परत काढलं. शेवटचं वाक्य, चार विशेषणं, मग टक्क्यांच्या बाया. ९७, ५२, १०, २ लिहून होईपर्यंत तीन मिनिटं गेली, मास्तर म्हणतात तेवढा माझा हात चालत नाही. मागच्या बाजूला मराठीत दोन प्रश्न लिहिले आणि दिवे बंद झाले.

पहिला कापडाचा विचारला, "पेपरमध्ये दिलंय का" लावून. मुलीचा चेहरा खुलला! तिच्याकडं त्या कापडाचा फोटो होता, वेळ नाही म्हणून काढून टाकलेली स्लाइड, तिनं ती परत उघडून दाखवली. मागची सगळी पोरं माना उंच करून बघत होती. मग थंडीचं विचारलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली की मॅडम, थंडी औषध नसलेल्या गटातही काहींना वाजलीच होती, म्हणून एएनएमला नक्की कळलं असं म्हणता येणार नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाळंतपणानंतर काही बायांना तशीही थंडी भरतेच की, मी रोज बघते.

४८ मिलीचं गाइड सरांना विचारलं. त्यांनी मास्तरांचं पहिलं उत्तर दिलं, कडेच्या बायांचं. ७०० च्या पुढच्या किती ते विचारलं तर म्हणाले पेपरमध्ये बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. सिस्टरांचा प्रश्न, कोण राहिलं तो, वेळ संपली म्हणून राहून गेला आणि मला तोच सगळ्यात जास्त विचारायचा होता.

---

जुने_मास्तर (संध्याकाळी ६:३०)

मुलीचं थंडीचं उत्तर चांगलं आहे. माझ्या प्रश्नातली हवा तिनं बरीचशी काढली. आता त्यात विचारायचं राहतं ते एवढंच की दोन गटांत थंडीचं प्रमाण किती आणि किती. फरक फार मोठा असेल तर अंदाज बांधता येतोच.

---

गोळ्या_औषधं (संध्याकाळी ७:१०)

आणि फ्रिजवाल्या गावाचं कुणी विचारलं नाही वाटतं.

---

रेवती_खानापूर (संध्याकाळी ७:२५)

नाही दादा, राहिलं. पण यावेळी पुढच्या शनिवारचा कागद कधी नव्हे तो आजच नोटीस बोर्डावर लागलाय आणि तो बघून परत अडलेय. त्यात निकालात एकही आकडा नाही. "लक्षणीय सुधारणा दिसून आली", "समाधान वाढले", एवढंच. बाया करायला टक्केच नाहीत, भागायचं काय?

---

चंदगड_रोड (संध्याकाळी ७:४०)

मग पहिला प्रश्न तोच. सुधारणा म्हणजे कितीवरून किती, आणि किती जणांत. एवढं आधी विचारून घ्या, बाकीचं ते उत्तर आल्यावर.

---

जंगलभाग_सिस्टर (रात्री ८:००)

आणि समाधान कुणी विचारलं ते पण बघ. नर्सनं युनिफॉर्म घालून खाटेजवळ उभं राहून विचारलं असेल तर पेशंट दुसरं काय सांगणार?